आईबाबांचे इअरबड रोज सकाळी फोनला जोडण्यासाठी मोठ्या अक्षरांचं कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, खानापूर, चिकोडी, बेळगाव शहर अशा ठिकाणी घरी आईवडील एकटे, मुलं पुण्यात नाहीतर बेंगळुरात, असं आता पुष्कळ घरांत आहे. सकाळी भजन किंवा बातम्या कानात ऐकायची सवय लागते, आणि मग रोज तोच फोन येतो: "अरे, आज पण लागंना बघ." त्यावर एक कागदी कार्ड चांगलं काम करतं. ते करताना लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. एकदा जोडले की इअरबड आपोआप जोडले जातात ना? मग रोज कार्ड कशाला?

आपोआप जोडले जातात हे खरं. इअरबड आणि फोन यांची ओळख एकदाच करून द्यावी लागते आणि ती दोघांच्याही आठवणीत राहते. रोज सकाळी व्हायची असते ती फक्त भेट. डबीतून बाहेर काढले की इअरबड शेवटच्या ओळखीच्या फोनला हाक मारतात, फोनने ओ दिली की काम झालं.

ही भेट साधारण चार कारणांनी चुकते. फोनचं ब्लूटूथ कुणीतरी बंद केलेलं असतं. इअरबड रात्री चार्जच झालेले नसतात. डबीचं झाकण नीट बसलेलं नसतं, त्यामुळे ते रात्रभर चालूच राहतात आणि सकाळी मेलेले निघतात. किंवा घरातला दुसराच फोन त्यांना ओढून घेतो. पहिली तीन कारणं कार्डाने सुटतात. चौथं सुटत नाही, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

म्हणून कार्ड हे नवी ओळख करून द्यायचं नाही, फक्त भेट घडवायचं आहे. पहिल्यांदा जोडण्याच्या पायऱ्या त्यावर घातल्या की कार्ड फसतं, कारण त्या पायऱ्या रोज करायच्या नसतात आणि केल्या तर चालू असलेलंही बिघडतं.

२. कार्डावर नेमकं काय लिहायचं? तयार मजकूर द्या.

समजा खानापुरातली सत्तरीची आई, अँड्रॉइड फोन, सकाळी उठून हरिपाठ ऐकते. तिच्यासाठी पुढची बाजू अशी:

> १. डबी चार्जरवरून काढायची. फोन जवळ घ्यायचा.
>
> २. डबी उघडायची. लाल ठिपक्याचं उजव्या कानात, दुसरं डाव्या कानात.
>
> ३. दहा आकडे मोजायचे. कानात "टुंग" वाजेल.
>
> ४. हरिपाठ लावायचा.

कार्ड उलटल्यावर मागची बाजू:

> कानात आवाज आला नाही तर
>
> १. दोन्ही डबीत ठेवायची. झाकण बंद. दहा आकडे.
>
> २. फोनवर वरून खाली बोट ओढायचं. चित्रातल्या बटणाला रंग आहे का बघायचं. नसेल तर एकदाच दाबायचं.
>
> ३. डबी उघडून परत कानात घालायची.
>
> ४. तरी नाही? राहू दे. फोनमधूनच ऐकायचं. संध्याकाळी मला सांगायचं.

प्रत्येक वाक्यात साधारण एकच काम आहे, आणि जमेल तिथे ते झाल्याची एक खूणही आहे: वाजलं, रंग दिसला. "ब्लूटूथ चालू असल्याची खात्री करा" असं वाक्य आईला काहीच सांगत नाही, कारण खात्री कशी करायची तेच तिला विचारायचं असतं.

"टुंग" च्या जागी तुमच्या इअरबडचा खरा आवाज लिहा. काही टुंग करतात, काहींत बाई इंग्रजीत "कनेक्टेड" म्हणते. स्वतः कानात घालून ऐका आणि ऐकलं तसं लिहा. लाल ठिपक्याचं प्रश्न ४ मध्ये आणि बटणाच्या चित्राचं प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे.

मागची चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर आई अर्धा तास तीच तीन कामं पुन्हापुन्हा करत बसते, मग वैतागून काहीतरी दाबते, आणि संध्याकाळी तुम्हाला निस्तरायला वेगळंच प्रकरण मिळतं.

३. पुढच्या बाजूला ब्लूटूथचं नावच नाही. आणि मागे आधी फोन, मग डबी असा उलटा क्रम का?

ब्लूटूथ कायम चालूच ठेवायचं, म्हणून पुढे त्याचा उल्लेख नाही. "बॅटरी खातं" म्हणून ते बंद करायची सवय जुन्या फोनांच्या काळातली आहे. आजच्या फोनमध्ये नुसतं चालू ठेवल्याने बॅटरीला जाणवेल असा फरक पडत नाही. शेजारच्या कुणी आईला तसं सांगितलं असेल तर ते आधी खोडून काढा, मग कार्ड करा.

मागच्या बाजूचा क्रम मात्र मुद्दाम तसा आहे. इअरबड डबीतून निघताच फोनला हाक मारतात. त्या वेळी ब्लूटूथ बंद असेल तर थोडा वेळ हाका मारून ते थकतात. काही झोपी जातात, काही नवीन ओळख शोधायला लागतात. नंतर तुम्ही ब्लूटूथ चालू केलंत तरी हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून आधी इअरबड डबीत झोपवायचे, मग फोनचं दार उघडायचं, मग त्यांना उठवायचं.

४. कार्डावर "इअरबड" लिहिलं तर आई कापसाच्या काड्या समजते. मग काय लिहू?

ही अडचण हसण्यासारखी वाटते, पण खरी आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये "इअरबड द्या" म्हटलं की कापसाच्या काड्याच हातात पडतात. "कानातलं" लिहावं तर ते दागिन्याचं नाव. "कानाचं मशीन" म्हणजे ऐकू न येणाऱ्यांचं यंत्र, आणि ते आपलं नाही असं आई ठामपणे सांगते.

म्हणून तिलाच विचारा, ती त्याला काय म्हणते. कुणी "बोंडं" म्हणतं, कुणी "शेंगा", कुणी नातवाचं ऐकून "बड्स". तोच शब्द कार्डावर. प्रश्न २ च्या मजकुरात आम्ही त्या वस्तूचं नाव घेतलेलंच नाही, "लाल ठिपक्याचं" आणि "दुसरं" एवढ्यावर भागवलं आहे, तसंही चालतं. केसला मात्र सगळीकडे "डबी" म्हणा, तो शब्द बिनतक्रार कळतो.

लाल ठिपका म्हणजे नेलपॉलिशचा एक थेंब. इअरबडवरचं एल आणि आर इतकं बारीक असतं की चष्म्यातूनही दिसत नाही. थेंब उजव्याच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध लावा. बारीक भोकं म्हणजे माइक, आतल्या बाजूचे सोनेरी ठिपके चार्जिंगचे, आणि छोटी काळी काच असेल तर ती कानात आहे की नाही हे ओळखणारी. या तिन्हींवर पॉलिश जाऊ द्यायचं नाही. रात्रभर वाळू द्या, ओलं असताना डबीत ठेवलं तर चिकटतं.

५. "उघडा" लिहायचं की "उघड"?

आईला "उघडा" लिहिलं तर सरकारी नोटीस वाटते. वडिलांना किंवा सासूबाईंना "उघड" लिहिता येत नाही. "उघडायची, ठेवायची, मोजायचे" हे रूप घरातल्या सगळ्यांना चालतं आणि शेजारी बसून सांगितल्यासारखं वाटतं. एकाच कार्डावर रूपं मिसळू नका.

६. अक्षरं किती मोठी ठेवायची? १८ पॉइंट पुरतील का?

इंग्रजीत १८ पॉइंटला मोठी अक्षरं म्हणतात, पण देवनागरीला ती कमी पडतात. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागत असल्यामुळे त्याच आकड्याला मधलं अक्षर लहान निघतं. शिवाय वाचणाऱ्याचं अडतं ते नेमकं त्या मात्रांवरच. "मोठे" आणि "मोठी" यांतला फरक धूसर नजरेला पहिल्यांदा पुसला जातो.

३० ते ३२ पॉइंट ठळक अक्षरांपासून सुरुवात करा. दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. जाडी सगळीकडे सारखी असलेला साधा फाँट घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले. लग्नपत्रिकेतली बारीक-जाड वळणाची अक्षरं नकोत.

कागद ए-५, म्हणजे वहीच्या पानाएवढा, १४८ बाय २१० मिलिमीटर. ३२ पॉइंटला त्यावर एका ओळीत तीन-चार शब्दच बसतात. एखादी पायरी तीन ओळींवर गेली तर अक्षरं लहान करू नका, वाक्य छोटं करा.

शेवटचा निवाडा आईच्या डोळ्यांचा. एकाच कागदावर तीच ओळ २४, ३० आणि ३६ मध्ये छापून तिच्या रोजच्या चष्म्यासह, सकाळी ती बसते त्याच जागी, तिथल्याच उजेडात वाचायला द्या. मान पुढे न काढता वाचता येईल तो आकार घ्या. तुमच्या हॉलमधल्या दुपारच्या उजेडात घेतलेली परीक्षा पहाटे साडेपाचला कामाची नसते.

रंग पांढऱ्यावर काळा. मोतीबिंदूच्या नजरेला पिवळट कागदावरची निळी शाई ओळखायला जड जाते. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाईट त्यात आरशासारखी दिसते आणि नेमकी दुसरी पायरी झाकते. मॅट पाउच मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला साधा कागद बरा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तो ओलावा धरतो, पण पावसाळ्यानंतर नवीन छापता येतो.

७. दुकानात प्रिंट काढली तर जोडाक्षरं फुटली. "चार्ज" चा रफार भलतीकडेच गेला. काय करू?

वर्डची फाईल नेली असणार. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की तुमचा फाँट तिथे नसतो आणि संगणक दिसेल तो लावतो. आपल्या भागातल्या दुकानांत कन्नड टायपिंगची सोय असते, मराठीची असेलच असं नाही. फाईल पीडीएफ करून न्या, त्यात फाँट सोबत जातो. छापताना "पानावर बसवा" हा पर्याय नको, खरा आकार हवा, नाहीतर ३२ चे कधी २६ होतात ते कळतही नाही. घरी येऊन पट्टीने कार्डाची रुंदी मोजली की लगेच समजतं.

८. आई घरात मराठी बोलते, पण शाळा कन्नड होती. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. कार्ड कुठल्या लिपीत करू?

अथणी, रायबाग, चिकोडी भागात हे बऱ्याच घरांत आहे. ती वर्तमानपत्र ज्या लिपीत वाचते त्या लिपीत करा. शब्द मराठीच ठेवून अक्षरं कन्नड केलीत तरी चालतं, बोलताना जे कानावर पडतं तेच तिला वाचायला मिळतं. एकाच कार्डावर दोन्ही लिप्या मात्र नकोत, त्याने अक्षरांचा आकार निम्म्यावर येतो. मदतीला येणारी शेजारीण कन्नडच वाचत असेल तर तिच्यासाठी वेगळी प्रत काढून द्या.

पडद्यावरचे शब्द हा वेगळा मुद्दा. आईचा फोन इंग्रजीत असेल आणि एखादा शब्द दाखवायचाच असेल, तर कार्डावर तो पडद्यावर दिसतो तसाच, Bluetooth असा छापा. "ब्लूटूथ" लिहून तिला Bluetooth शोधायला लावू नका. त्याहून चांगलं म्हणजे चित्र. तिच्याच फोनवर वरची पट्टी खाली ओढून स्क्रीनशॉट घ्या आणि फक्त ते एक बटण कापून दोन इंच रुंद छापा. तुमच्या फोनचा स्क्रीनशॉट चालत नाही, कारण तिच्या फोनची अक्षरं मोठी केलेली असतील तर बटणांची मांडणीच बदलते. प्रिंट रंगीत हवी. काळ्या-पांढऱ्यात चालू आणि बंद बटण एकसारखं राखाडी येतं, आणि मग चित्राचा उपयोगच राहत नाही.

त्या पट्टीत पेन्सिलीचं चिन्ह असतं, ते दाबून ब्लूटूथचं बटण पहिल्या जागी ओढून ठेवा. काही नव्या फोनांत ते दाबल्यावर लगेच चालू-बंद होत नाही, छोटी खिडकी उघडते आणि खरा खटका तिच्यात असतो. आधी स्वतः दाबून बघा आणि तसं असेल तर त्या खटक्याचंही चित्र घ्या.

९. कानात "कनेक्टेड" म्हणतं, पण भजन फोनमधूनच मोठ्यांदा वाजतं. असं कसं?

कारण इअरबड जोडलेले आहेत, फक्त आईच्या फोनला नाहीत.

हा गोंधळ वारावरून पकडता येतो. आईला आठवडाभर कॅलेंडरवर खूण करायला सांगा: लागलं त्या दिवशी टिक, नाही लागलं त्या दिवशी फुली. समजा सोमवार ते शुक्रवार टिक आहे आणि शनिवार-रविवार फुली. मग शनिवारी घरात काय बदलतं? बेळगावात हॉस्टेलवर राहणारा नातू घरी येतो. इअरबड त्यानेच आणले होते आणि चालतात का बघायला आधी स्वतःच्या फोनला जोडले होते. ती ओळख अजून शिल्लक आहे. तो वरच्या खोलीत झोपलेला, फोन उशाशी, ब्लूटूथ चालू. ब्लूटूथ साधारण दहा मीटर पोचतं, मधली भिंत थोडं कमी करते, पण खोली तेवढी लांब नसते. आदल्या रात्री त्याने गंमत म्हणून दोन गाणी त्यावर ऐकली असतील तर इअरबडच्या लेखी शेवटचा फोन त्याचा झाला. सकाळी ते आधी त्यालाच हाक मारतात.

खात्री करायची तर आईच्या फोनवर ब्लूटूथचं बटण दाबून धरा, यादी उघडेल. इअरबडच्या नावाखाली Connected नसेल आणि कानात मात्र "कनेक्टेड" ऐकू आलं असेल, तर चोर दुसरा आहे. नातवाच्या फोनवर त्याच यादीत नावाशेजारचं दातेरी चाक दाबून Forget करा. घरातल्या टीव्हीला किंवा लॅपटॉपला जोडून पाहिले असतील तर तिथेही तेच.

हे कार्डावर लिहायचं नाही. आईने नातवाच्या फोनमध्ये शिरावं असं कुणालाच वाटत नाही, नातवाला तर नाहीच.

१०. एकाच कानात आवाज येतो.

मागच्या बाजूची पहिली पायरी इथेही चालते: दोन्ही डबीत, झाकण बंद, दहा आकडे, परत बाहेर. दोघांची आपसातली जोडी तुटली असेल तर बहुतेक वेळा एवढ्याने जुळते.

तरी एक मुकाच राहिला तर तो चार्ज झालेला नाही. त्याच्या तळाशी सोनेरी ठिपके असतात आणि डबीच्या खाचेत त्यांच्यासमोर बारीक पिना. कानातला मळ आणि खोबरेल तेल तिथे बसतं, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, पण वीज पोचत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने ठिपके पुसा, खाचेतल्या पिना हलक्या हाताने. पाणी, स्पिरिट, सुई नको. पुसल्यावर डबीत ठेवताना तो चुंबकाने ओढला गेल्याचं "टक" ऐकू आलं पाहिजे. आलं नाही तर रबराची टोपी मोठ्या मापाची लावली गेली आहे का बघा, त्याने इअरबड वर उचलून राहतो. नेहमी डोक्याला तेल लावून मग कानात घालत असतील तर पंधरवड्यातून एकदा पुसणं तुमच्या फेरीत धरून ठेवा.

११. रात्री लाईट गेली होती. सकाळी डबीच मेलेली. यावर काही उपाय?

डबी रात्री न लावता दुपारी जेवणानंतर लावायला सांगा. तेव्हा आई जागी असते आणि दिवा लागला की नाही ते बघू शकते. पूर्ण भरलेली डबी इअरबडना पुन्हापुन्हा चार्ज करते, त्यामुळे एक रात्र वीज नसली तरी सकाळ जाते. गावाकडे रात्री लाईटचा भरवसा नसेल तर कार्डाची पहिली पायरीही बदला: "डबी खिडकीतून घ्यायची", किंवा जिथे असेल तिथून.

आणखी एक पाहा: चार्जरची वायर पूर्ण आत गेली आहे का. जाड कव्हर घातलेल्या डबीत ती अर्धवट बसते, दिवा क्षणभर लागतो आणि विझतो.

१२. कानात नीट बसवायला गेलं की गाणं थांबतं, कधी कुणाला तरी फोनच लागतो.

इअरबडच्या पाठीवर स्पर्शाचं बटण असतं. आई बोटाने दाबून बसवते, त्याला ते हुकूम समजतात. कंपनीचं अॅप असेल तर त्यातून स्पर्श बंद करा, निदान दोनदा आणि तीनदा दाबण्याचे हुकूम तरी काढून टाका. अॅप नसेल तर कार्डाच्या दुसऱ्या पायरीत "दांडीला धरून" असे दोन शब्द घाला. दांडी नसलेल्या गोल इअरबडना हे लागू नाही. तेव्हा कडेला धरायला दाखवा, लिहून ते कळत नाही.

१३. भजन कानात येतं, पण मुलाचा फोन आला की आवाज फोनमधून. असं का?

फोनच्या यादीत इअरबडच्या नावाशेजारचं दातेरी चाक उघडा. गाण्याचा आवाज आणि कॉलचा आवाज असे दोन वेगळे खटके असतात, त्यातला कॉलचा बंद झालेला असतो. तो चालू केला की झालं, हे एकदाच करायचं काम आहे. नेमकं उलट असेल, म्हणजे कॉल कानात आणि भजन बाहेर, तर दुसरा खटका बघा. दोन्ही चालू असूनही भजन बाहेर वाजत असेल तर प्रश्न ९ कडे जा.

१४. बाबांनी डबीवरचं बटण दाबून धरलं आणि आता यादीत नावच दिसत नाही.

ते बटण बहुतेक डब्यांवर नवी ओळख करायला किंवा सगळ्या ओळखी पुसायला असतं. आता पहिल्यांदा केलं तसं पुन्हा जोडावं लागेल आणि ते कार्डाचं काम नाही. तुम्ही लांब असाल तर व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून करता येतं. मात्र बाबांना स्पष्ट सांगा की स्क्रीन फक्त घरच्यांना दाखवायची, "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला कधीच नाही.

पुन्हा जोडून झाल्यावर बटणावर जखमेला लावतात त्या कागदी टेपचा चौकोन चिकटवा. चार्जिंगचं भोक मोकळं ठेवा. यादीत नाव बदलून "आईचे कान" असं मराठीत ठेवता येतं, पेन्सिलीचं चिन्ह दाबून. हे नाव फोनमध्येच राहतं, त्यामुळे Forget केल्यावर जातं आणि परत द्यावं लागतं.

१५. आयफोन आहे. काही वेगळं?

एक गोष्ट. कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथचं बटण दाबलं तर ते पूर्ण बंद होत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत जोडणी तुटते आणि पहाटे पाचला आपोआप परत चालू होते. म्हणून आई साडेचारला उठत असेल तर तिला लागत नाही, आणि उशिरा उठणाऱ्या सुनेने बघितलं तर सगळं ठीक असतं. मागच्या बाजूची दुसरी पायरी आयफोनच्या चित्रासह तशीच ठेवा.

१६. बाबांची बोटं थरथरतात. इअरबड हातातून पडतात.

मग कार्ड मोठं करून उपयोग नाही, वस्तूच चुकीची आहे. गळ्यात अडकवायचा नेकबँड घ्या. त्याला एक बटण असतं, दाबून धरलं की चालू, आणि ओळखीच्या फोनला तो त्याच पद्धतीने जोडला जातो. पडला तरी गळ्यातच राहतो. कार्डावर दोनच पायऱ्या उरतात. फोनला जुन्या पद्धतीचं गोल भोक असेल तर वायरचा इअरफोन त्याहून सोपा, त्याला कार्डच लागत नाही.

कानाचं यंत्र वापरत असतील तर इअरबडसाठी ते रोज काढायला लावू नका. बरीच नवी यंत्रं स्वतःच फोनला जोडता येतात, ती जिथून घेतली तिथेच विचारा.

१७. कार्ड कुठे ठेवायचं, आणि कधी बदलायचं?

डबी जिथे चार्जिंगला असते तिथे, डबी कार्डावरच ठेवायची. भिंतीला चिकटवलं तर उलटता येत नाही आणि मागची बाजू कुणी वाचत नाही. देवघराजवळ ठेवत असाल तर तेलाचे डाग पडणार हे गृहीत धरून दोन प्रती छापा.

मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि फोनचं मॉडेल बारीक अक्षरांत लिहा, ते तुमच्यासाठी आहे. फोनला मोठं अपडेट आलं की वरच्या पट्टीचं रूप बदलतं, तेव्हा दुसऱ्या पायरीचं चित्र तपासा. चित्र बदललं तर पूर्ण कार्ड नव्याने छापा आणि जुनं घेऊन जा. त्यावर नवी चिठ्ठी चिकटवलेली आई हमखास सोलते, खाली काय लिहिलंय ते बघायला.